हुद्द्यापुढची रिकामी जागा

“घरच्या मुलीला कुणी असला कागद देतं का?”

टांगलेल्या पडद्यांच्या पलीकडून अंकलचा आवाज आला. आमच्या दुकानाच्या मागच्या बाजूला नमुन्याचे पडदे छतापासून जमिनीपर्यंत लावलेले असतात, आणि ते पडदे आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी जागा असते. मी तिथे उभी राहून एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला जुळणारा राखाडी रंग शोधत होते. अंकल, म्हणजे दुकानाचे मालक, आंटींशी, त्यांच्या पत्नीशी, बोलत होते. मी मागे आहे हे त्यांना माहीत नसावं. माझ्या असण्याचा फारसा आवाज होत नाही.

आंटी म्हणाल्या की मागते आहे तर देऊन टाका. त्यावर अंकल म्हणाले, “अगं, पण तिला इथे कमी काय आहे?” मी राखाडी कापड हातात धरून, गिऱ्हाईक हाक मारेपर्यंत तशीच उभी राहिले.

दुकानात सगळे हिंदीत बोलतात, मीही. इथे ते बोलणं मराठीत लिहिते आहे, त्यामुळे अंकल आहेत त्यापेक्षा जरा सौम्य वाटतील.

हा कागद, म्हणजे इथल्या कामाचा दाखला, मी त्याच्या दोन दिवस आधी मागितला होता, तोही व्हॉट्सॲपवर. समोर बसलेल्या माणसाला मेसेज पाठवणं विचित्र आहे हे मला कळतं, पण तोंडाने मागायचं म्हणजे त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं असतं. त्यांनी मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि चहा मागवला. त्या दिवशी आम्ही फक्त कापडाबद्दल बोललो.

दिल्लीतल्या द्वारकेत सोसायट्या भरत होत्या तेव्हा हे दुकान सुरू झालं. पडदे, सोफ्याची कव्हरं, पानिपतहून येणाऱ्या चादरी. मी कॉलेज पत्राद्वारे करत होते, म्हणून ‘तात्पुरती’ म्हणून लागले आणि आठ वर्षं राहिले. पहिल्या दिवशी कुणी काही लिहून दिलं नाही. आई आणि मी आमच्या सरकारी क्वार्टरचे पडदे इथूनच घेतले होते, त्या ओळखीवर अंकल म्हणाले, उद्यापासून ये. हळूहळू लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेणं, मास्टरजींकडून शिवून घेणं, पानिपतच्या व्यापाऱ्यांना माल सांगणं, आलेला माल तपासून लावणं, न पटलेला परत पाठवणं, हे सगळं माझ्याकडे आलं. माझ्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही, पीएफचा नंबर नाही. बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, आईबाबा नागपूरला गेले आणि मी इथेच एका पीजीत राहिले. कधी कधी वाटायचं, मी दिल्लीत आठ वर्षं काम केलं याचा पुरावा फक्त लोकांच्या खिडक्यांवर लटकतो आहे.

दिल्लीबाहेर, मानेसरच्या वाटेवर एक कंपनी आहे, हॉटेलांना पडदे आणि चादरी पुरवते. तिथे मी मुलाखत दिली. त्यांना सामानाच्या कोठाराला, म्हणजे त्यांच्या ‘स्टोअर’ला, इन्चार्ज हवी होती. मी कापडाबद्दल बोलले तेव्हा त्यांनी माना डोलावल्या, पण नंतर एचआरमधल्या बाई म्हणाल्या की पगाराची पावती नसेल, पीएफ नसेल, तर निदान मालकांचं पत्र आणा. दुकानाच्या लेटरहेडवर, कधीपासून, कोणत्या हुद्द्यावर, काय काम केलं, सही, शिक्का आणि मालकांचा फोन नंबर. आम्ही फोन करून विचारू.

एवढं साधं. पण आमच्या बाजारात असं पत्र कुणी देत नाही. इथे एखादा माणूस एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो तेव्हा एक मालक दुसऱ्याला फोन करतो. “मुलगा चांगला आहे, हात साफ आहे,” एवढं म्हटलं की झालं. कागद असतो तो जीएसटीसाठी. त्यामुळे माझ्या मेसेजने अंकलना जे लागलं ते मला आता समजतं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

पडद्यामागचं ते ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लेटरहेडचे दोन कोरे कागद माझ्यापुढे ठेवले. “तूच लिहून टाक, बेटा. तुझं इंग्लिश चांगलं आहे. मी सही करतो.”

मास्टरजी शिलाईच्या मशीनवरून म्हणाले, “मॅडम, तुम्ही गेलात की सगळे पडदे चार बोटं आखूड होणार, आणि शिव्या मला.”

“तुम्हाला तशाही पडतात,” अंकल म्हणाले. मास्टरजी हसले. मीही हसले असेन.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी मी पीजीच्या खोलीत लिहायला बसले. माझ्या खोलीतली दुसरी मुलगी घरी गेली होती. शाळेत आम्हाला औपचारिक पत्रं शिकवली होती, रजेचा अर्ज, तक्रारीचं पत्र. स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून कशी लिहायची हे शिकवलं नव्हतं. मी स्वतःला ‘ती’ म्हणत लिहू लागले. ती प्रामाणिक आहे. ती वेळेवर येते. ही कोण मुलगी, असं वाटायला लागलं. तिच्याबद्दल मला फारशी माहितीच नव्हती. आईला फोन करून विचारावंसं वाटलं, पण आई म्हणाली असती, चांगलं चांगलं लिही, लाजू नकोस. मी फोन केला नाही.

कामं लिहिली, कारण ती सरळ होती. मग हुद्द्याची ओळ आली. मला कधी हुद्दाच नव्हता. ‘सेल्सगर्ल’ लिहिलं असतं तर ते खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. ‘मॅनेजर’ लिहिलं आणि अंकल सही करताना थांबले तर? ते थांबण्याचं दृश्य मला इतकं स्पष्ट दिसलं की मी ती जागा मोकळी सोडली. वाटलं, ते स्वतः भरतील. काय भरतील ते बघावं, असंही कुठेतरी वाटलं असेल.

दुकानातल्या प्रिंटरवर लेटरहेड घालून मी पत्र छापलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. “अंकल, इथे एक जागा आहे, ती तुम्ही भरा,” असं सांगून मी मापं घ्यायला निघून गेले. परत आले तेव्हा पत्र पाकिटात होतं. मी ते काढून पाहिलं. जांभळा शिक्का नीट मधोमध बसला होता, सही नेहमीपेक्षा मोठी होती, आणि हुद्द्यापुढे अंकलनी स्वतःच्या हाताने, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, पेन दाबून लिहिलं होतं: फॅमिली मेंबर.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. “यापेक्षा मोठी पोस्ट माझ्याकडे नाही,” म्हणाले. आंटींनी बर्फीचा डबा पुढे केला. मी एक तुकडा घेतला आणि थँक्यू म्हटलं.

त्या संध्याकाळी मेट्रोच्या पुलाखालून चालत जाताना मी ते दोन शब्द खरे आहेत का ते तपासत राहिले. आईबाबांचं सामान नागपूरला निघालं तेव्हा अंकलनी स्टेशनपर्यंत आपला टेम्पो दिला होता आणि स्वतः उभं राहून दोर बांधून घेतला होता. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी दोन दिवस घर सजवलं, आणि घरच्यांचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा फोटोग्राफरच्या मागे उभी राहून एका पडद्याची चुणी नीट करत होते. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही पुढे गेले नाही. मला ताप होता तेव्हा अंकलचा फोन आला. ‘बरी आहेस ना’ झालं आणि मग नमुन्यांच्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारलं. हे सगळं खरं होतं, आणि ते एकमेकांना खोडत नव्हतं.

पत्र मी स्कॅन करून पाठवलं. का पाठवलं, तर परत अंकलकडे जाऊन बोलावं लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी एचआरच्या बाईंचा फोन आला. त्या हसल्या नाहीत, याचे मी अजून आभार मानते. त्यांनी विचारलं, मालक तुमचे नातेवाईक आहेत का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग दुसरं पत्र आणा. नातेवाइकांच्या दुकानातलं काम आम्ही अनुभव म्हणून धरत नाही. हुद्दा स्पष्ट नसेल तर तुम्हाला ट्रेनी म्हणूनच घेता येईल, इन्चार्जची जागा दुसऱ्या उमेदवाराला जाईल. शुक्रवारपर्यंत, प्लीज.

ट्रेनी म्हणजे मी पुन्हा वीस वर्षांची.

दुसरा कोरा लेटरहेड ड्रॉवरमध्ये होता. त्यावर मी पत्र पुन्हा छापलं, हुद्द्याची जागा पुन्हा मोकळीच ठेवली, आणि या वेळी अंकलच्या टेबलासमोर उभी राहिले. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. मास्टरजींचं मशीन चालू होतं. मी सांगितलं की कंपनी म्हणते आहे, आधीचं पत्र चालणार नाही.

अंकलनी चष्मा काढला. “का? आम्ही घरचं मानलं, हे चालत नाही?”

मी म्हटलं, त्यांना हुद्दा हवा आहे.

“कसला हुद्दा?”

मास्टरजींनी मशीन थांबवलं. कदाचित दोरा संपला असेल, पण दुकान एकदम शांत झालं. “मॅनेजर लिहा ना, बाबूजी,” ते तिकडूनच म्हणाले. “सगळं तर ह्याच बघतात.”

अंकलनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या व्हिजिटिंग कार्डांकडे. त्या कार्डावर मॅनेजर म्हणून त्यांच्या मुलाचं नाव आहे. तो नोएडात एका आयटी कंपनीत काम करतो. दुकानात येतो ते दिवाळीच्या पूजेला, आणि गाडी पार्क करायला जागा नाही म्हणून लवकर जातो. पण कार्ड छापलं तेव्हा तो येईल अशी आशा होती, आणि दर वेळी कार्डं संपली की अंकल तीच पुन्हा छापून घेतात. “मॅनेजर तर तो आहे,” अंकल हळू म्हणाले. “उद्या त्यांचा फोन आला आणि मी दोन दोन मॅनेजर सांगितले, तर काय म्हणतील? खोटं कसं लिहू, बेटा?”

ते टाळत नव्हते. मुलाची जागा काढून मला द्यायची त्यांची तयारी नव्हती, एवढंच. मला ती नकोच होती. मी पेनचं टोपण काढलं, पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“मुलगा मॅनेजर असू दे, अंकल. मी स्टोअर इन्चार्ज होते. इथे तसं लिहा, आणि त्यांचा फोन आला तर तसंच सांगा.”