वाफेनं खाल्लेला गर्डर

छताला हातोडीची टिचकी मारून तो कान लावायचा, म्हणून सगळे त्याला कानोसा मिस्त्री म्हणत. जुनी छतं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवूनही प्रत्येक नव्या छताखाली शिरताना त्याला भीती वाटायची. हे त्यानं बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी लाँड्रीवाल्या दोघी जावांनी त्याला प्लास्टरसाठी बोलावलं. छत जुन्या पद्धतीचं होतं. दर तीन-साडेतीन फुटांवर लोखंडी गर्डर आणि मधे विटांच्या बसक्या कमानी. खाली कपडे उकळायची भट्टी, वर गच्चीत पाण्याची टाकी. गर्डरच्या कडेनं सरळ रेघेत तडा गेला होता.

मिस्त्रीनं शिडीवर चढून भिंतीजवळ टिचकी मारली. आवाज बद्द आला. पेचकस लावला, तर तो लोखंडात रुतला. कमान जिच्यावर टेकते त्या गर्डरच्या खालच्या पट्टीचे पापुद्रे सुटून हातावर आले. भट्टीच्या वाफेनं चढलेला गंज फुगून विटांना रेटत होता. मिस्त्री शिडीवरून उतरला.

"सगळ्यांना बाहेर काढा. भट्टी बंद करा," तो हळूच म्हणाला.

थोरली जाऊ वैतागली. इतकी वर्षं टिकलेलं लोखंड आजच कसं पडेल, असं तिचं म्हणणं. धाकटीनं सुचवलं, की सैल झालेली तेवढी एकच कमान पाडून टाकावी.

"ती पाडली तर शेजारची कुणावर रेलणार, वहिनी? कमान वजन गर्डरवर टाकते आणि त्याला बाजूलाही ढकलते. पलीकडची कमान उलटी ढकलते, म्हणून दोघी उभ्या. गर्डर ते वजन भिंतीवर नेतो. त्याचं टोकच कुजलंय. एक गेली की रांगच जाईल."

मग थोरलीनंच लाँड्रीत कामाला असलेल्या बायकांना बाहेर नेलं. वरचा भार कमी व्हावा म्हणून टाकी खालच्या नळानं रिकामी केली, त्याला तासभर लागला. गच्चीत कुणालाच जाऊ दिलं नाही.

मग जाडजूड वासे आले. जमिनीवर फळ्या घालून त्यावर वासे उभे करायचे होते, तेही कमानीखाली नव्हे, गर्डरखाली. मिस्त्रीनं धडक्या टोकाकडून सुरुवात केली. शेवटचा वासा भिंतीजवळ, नेमका कुजक्या टोकाखाली. वासा घट्ट बसवणारी पाचर हादरा बसेल म्हणून ठोकायची नाही, हातानं दाबत न्यायची. मानेवर विटांची भुकटी पडू लागली. त्याला पळावंसं वाटलं. त्यानं पाचर आणखी आत दाबली.

वर कट् असा आवाज झाला. टोक बोटभर खाली आलं आणि वाशावर टेकलं. वासा करकरला. मिस्त्री डोळे मिटून उभा राहिला. दाराशी थोरली तोंडावर पदर धरून होती.

छत थांबलं.

बाहेर आल्यावर धाकटीनं त्याला चहा दिला. दोन महिन्यांनी कुजक्या गर्डरच्या जागी नवा बसला, भट्टी मागच्या अंगणात गेली. बाकीचे गर्डर खरवडून रंगवले, तेव्हा मिस्त्रीनं प्रत्येकाला दोनदा टिचकी मारली. आवाज खणखणीत होता, तरी त्याचा जीव काही भांड्यात पडला नाही.