नावाची ताटं

नांदुऱ्यात माझ्या थोरल्या भावाचं आहेराच्या भांड्यांचं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. हिशेब माझ्याकडे असे. लग्नसराईत आठवड्याला वीस पितळी ताटं खपत. मुंबईला मागणी पाठवली की माल रेल्वेने यायला तीन आठवडे लागत. म्हणजे साठ ताटं हवीत, आणि वॅगन रखडली तर वीस वरची. ऐंशी उरली की पत्र टाकायचं, असं मी ठरवलं. फळीवर चार थप्प्या असत. विसाव्या ताटाच्या उंचीवर मी भिंतीला गेरूची रेघ ओढली. सराई सरत आली की रेघ पुसायची, नाहीतर उशिरा आलेला माल दिवाळीपर्यंत पडून राहील.

विकलेल्या ताटांवर देणाऱ्याचं नाव घालायला एक वयस्कर काका बसत. नाव घातलेली ताटं कुठे ठेवू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी न बघताच म्हणालो, "त्याच थप्पीवर ठेवा."

वैशाखात वरवट बकालचे एक गृहस्थ भाचीच्या लग्नासाठी पंधरा ताटं घ्यायला आले. थप्प्या रेघेच्या वर होत्या. दादांनी एकेक ताट उचललं. जवळजवळ प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव.

"दुकान हाये का परदर्शन?" गृहस्थ म्हणाले. "पाहाले भरपूर, घेवाले चार."

ते समोरच्या दुकानात गेले. दादा काकांकडे वळले. "काका, विकेल माल इथं ठेवाले तुमाले कोनं सांगतलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तराजूची वजनं लावत होतो. ती आधीच लावलेली होती.

"जागा नव्हती, मालक," काका म्हणाले.

त्याच दुपारी मुंबईला तार केली. मी रोज स्टेशनच्या मालधक्क्यावर जाई. तिथला बाबू नकारार्थी मान हलवी. येताना समोरच्या दुकानातून आमची गिऱ्हाइकं ताटं घेऊन निघताना दिसत. ओळखीचे लोक नजर चुकवत. घाई करायला हातात काहीच नव्हतं. माल आला तेव्हा ज्येष्ठ सरला होता. आषाढात लग्नं थांबली आणि पेट्या न फोडता माळ्यावर गेल्या.

पुढच्या सराईत दादांनी काकांना बोलावलं नाही. "मानूस चांगला, पन त्याच्या पायी हंगाम गेला," एवढंच म्हणाले. गावातही तेच पसरलं, आणि दुसऱ्या कुणी भांडेवाल्याने काकांना बसवलं नाही. ते मेहकरकडे मुलीकडे गेल्याचं कळलं. पत्ता काढणं अवघड नव्हतं. मी काढला नाही.

त्याच वर्षी मी नावाच्या ताटांसाठी वेगळी फळी ठोकली. रेघेपाशी फक्त विकायचा माल राहू लागला. दादा अखेरपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फळी दाखवत आणि म्हणत, "हे आमच्या लहान्याचं डोकं."

मी हसत असे.