माका उचलू नकात

माझा नवरा मला रोज उचलायचा. हे ऐकून कुणी गालातल्या गालात हसेल, म्हणून आधीच सांगते, त्यात शृंगार काही नव्हता. सकाळी खाटेवरून, मग संडासातून, मग कदेलीवरून, म्हणजे सोप्यावरच्या आमच्या लाकडी खुर्चीवरून, आणि आठवड्यातून तीनदा दारच्या पायऱ्या उतरून रिक्षात. माझ्या काखेत हात घालायचा, श्वास रोखायचा आणि म्हणायचा, "चल गे, उठ." उठायचा तोच. मी नुसती वर यायची.

माझ्या किडन्या रक्तदाबाने गेल्या. आमच्या हळर्ण गावाहून तालुक्याच्या इस्पितळात सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी डायलिसिस. घरात आम्ही त्याला नुसतं 'मशीन' म्हणतो. चार तास रक्त बाहेर काढून, धुऊन, अंगात साचलेलं पाणी काढून परत भरतात. त्यासाठी डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून दिलीय. त्या हातावर बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते. त्या हाताने जड उचलायचं नाही, तो दाबायचा नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ काढला की बाईनेच हलायचं नाही. नणंद येऊन सांगून गेली, "दुखणेकऱ्यान खाट सोडूची नाय." शेजारीण म्हणाली, रक्त धुतात म्हणजे ताकद धुऊनच जाते, निजून रहा. सगळ्यांना माझी दया येत होती आणि दयेला काही काम लागतं. कुणी ताट हातात दिलं, कुणी केस विंचरले. वर्षभरात माझ्या मांड्या शेवग्याच्या शेंगांसारख्या झाल्या.

मी शिवणकाम करणारी बाई. पेडण्याच्या बाजारात दुकान होतं, पायमशीन मारत निम्मा जन्म गेला. आणि आता मला संडासातून कुणीतरी उचलून काढावं लागत होतं. याची लाज कशी असते ते लिहून सांगता येत नाही. मी नवऱ्यावर चिडायची. तो तरी उचलायचाच, त्याने आणखीच चिडायची.

मग त्याच्या जांघेत गाठ आली. तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा, दुखणं लपवण्यात पटाईत. तरी एक दिवस मला उचलताना "आयगे" म्हणून भिंतीला टेकला, तेव्हा कळलं. हर्निया. सर्जन म्हणाला, ऑपरेशन करून घ्या, तोवर वजन उचलू नका. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

घरी आल्यावर मी विचारलं, "मगे? कधी जातास?"

"तुका कोण उचलतलो?" तो म्हणाला, आणि माझ्या काखेत हात घातला.

तसं सगळं करून पाहिलं. एक बाई ठेवली, तिला मी झेपेना, आठवड्यात गेली. मुलगी परदेशात, फोनवर रडायची, मग मीच तिची समजूत काढायची. म्हणजे हिशेब सरळ होता. मी उठत नव्हते म्हणून तो उचलत होता, आणि उचलता उचलता एक दिवस तो मरणार होता. मी ठरवलं की मशीन बंद करायचं. जायचं सोडलं की आठ-दहा दिवसांत माणूस संपतो, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. मी गेले की तो ऑपरेशन करून घेईल. एवढा स्वच्छ विचार मी त्या वर्षात दुसरा केला नव्हता.

त्याच सुमाराला वॉर्डात एक नवी फिजिओथेरपिस्ट आली. वास्कोची मुलगी, बस बदलत बदलत यायची. माझ्या खाटेशी येऊन म्हणाली, काकी, व्यायाम करूया. मी म्हटलं, "बाय, मरणाऱ्याक कसलो व्यायाम?" ती हसलीही नाही, गेलीही नाही. शेवटी मीच विचारलं, मी पुन्हा आपली आपण उठेन का?

"काकी, किडनी परती येवची ना," ती म्हणाली. "पांय येतले, पूण सवकास."

किडनी गेली ती गेली, पाय मात्र हळूहळू परततील, इतकं खरं पूर्वी कुणीच मला सांगितलं नव्हतं. 'बरी होशील' म्हणणारे सगळे खोटे, आणि ही खोटी आशा न देता दोन पाय देऊ बघत होती. म्हणून ऐकलं. आधी डॉक्टरांनी माझं हृदय तपासलं, मग परवानगी दिली. पेडल असलेलं एक छोटं यंत्र खाटेच्या पायथ्याशी बसवलं. रक्त मशीनमधून फिरतंय, डावा हात सुयांसकट जागच्या जागी, आणि पाय फिरताहेत. मला वाटलं, हे तर माझंच काम. ती म्हणाली, पायमशीन घोट्याने चालतं काकी, उठायला मांडी लागते. माझी अक्कल तिथेच संपली.

पेडल सुरुवातीच्या दोन तासांतच मारायचं. नंतर पाणी बरंच निघालेलं असतं, रक्तदाब घसरतो, चक्कर येते. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत मी घामाघूम. जोर किती लावायचा, तर थोडं कठीण वाटलं पाहिजे, दम लागला तरी बोलता आलं पाहिजे. म्हणून ती मला बोलतं ठेवायची, ब्लाउजचा गळा कसा बेततात ते विचारायची. वाक्य तुटायला लागलं की म्हणायची, हळू. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पायात गोळा आला, की थांबायचं आणि सांगायचं. मशीनच्या दिवशी घरी जाऊन आराम. मधल्या दिवशी सपाट अंगणात थोडं चालणं, कदेल धरून टाचा उचलणं, आणि कदेलीवरून उठणं. तेही आधी बसायच्या जागी दोन उशा घालून, उंच करून. पावलं मागे घ्यायची, अंग पुढे झुकवायचं आणि उजव्या हाताने आधार घ्यायचा.

नवऱ्याला हे पटेना. मी झुकले की त्याचे हात पुढे यायचे. "माका उचलू नकात," मी ओरडायची. तो हात मागे घ्यायचा, पण उभा तिथेच. त्याच्या डोळ्यांसमोर मी अर्धी वर यायची आणि धप्पकन बसायची. पुन्हा वर, पुन्हा धप्प. त्याला ते बघवत नव्हतं. मलाही त्याचं बघणं बघवत नव्हतं.

थोडं थोडं जमू लागलं. एक उशी निघाली. झोप लागू लागली, पायातले गोळे कमी झाले. आणि मी माती खाल्ली.

शनिवार-रविवार आमचा वाईट काळ. दोन दिवस मशीन नाही, अंगात पाणी साचत जातं. त्या रविवारी पाहुणे होते, आणि माझी जीभ माझ्याहून जुनी. सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची खारट कोशिंबीर, खाल्ली, भरपूर. मीठ पोटात गेल्यावर तहान कशी ऐकेल? पाणी मोजूनच प्यायचं होतं, तरी चोरून प्यायले, वर पुन्हा प्यायले. रात्री नवरा कूस बदलताना कण्हला, ते ऐकलं. सोमवारी सकाळी, मशीनला जायच्या आधी, मी एकटीच कदेलीशी भिडले. दुसरी उशी काढून फेकली. आज उठायचंच. अर्धी उठले, बसले, पुन्हा अर्धी उठले. श्वास पुरेना तरी थांबले नाही. मग श्वास येईचना. वाटलं, घरात बसल्या बसल्या बुडतेय.

त्याने मला उचललं. पायऱ्यांवरून रिक्षापर्यंत सगळीच्या सगळी, लहान पोरासारखी. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. वाटेत तो रिक्षाबाहेर बघत राहिला आणि हात जांघेवर.

इस्पितळात मला ऑक्सिजन लावला. वजन भलतंच वाढलेलं, रक्तदाब चढलेला, फुप्फुसात पाणी. पेडलचं यंत्र त्या मुलीने माझ्यासमोर उचलून बाजूला ठेवलं. इतकं पाणी अंगात असताना, दोन दिवसांच्या खंडानंतर, मशीनच्या आधी, रक्तदाब असा असताना व्यायाम म्हणजे औषध नव्हे, घाला आहे, म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. तुला काय कळतं, माझ्याकडे वेळ नाही, तो मला उचलून उचलून मरतोय! पलीकडच्या खाटेवरच्या माणसाने तोंड फिरवलं. मी रडले, मोठ्याने, मास्कच्या आत.

रडणं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, घाई केलीस तर दोघंही जाल.

त्यानंतर दोन खेपा पेडल बंद. नंतर पुन्हा सुरुवात, पुन्हा दोन उशा. मीठ तोडलं. व्यायामाने तोंड सुकलं तर नुसती चूळ भरायची, घोट नाही. आठवडे गेले. रोज वाटायचं, आज त्याची गाठ अडकणार. सर्जनकडे जा म्हटलं की त्याचं एकच, "माका दुखणा नाय." आम्ही दोघं एकमेकांशी खोटं बोलत एका घरात राहत होतो. मी म्हणायची, जमतंय, आणि जमत नव्हतं. तो म्हणायचा, दुखत नाही.

मग एका मंगळवारी, पोदेर पाव देऊन गेल्यावर, मी सोप्यावर बसले होते. उशी एकही नव्हती. तो नेहमीसारखा समोर आला, वाकला. मी म्हटलं, "बाजूक सरा." पाय मागे घेतले, झुकले. मांड्या लटपटल्या, उजवा हात कदेलीवर घट्ट. आणि मी वर आले. सगळी. उभी राहिले, आणि बसले नाही.

त्याचे हात तसेच पुढे होते. त्या रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना. मला वाटलं, हसेल. तो मी सोडलेल्या कदेलीवर बसला आणि दुमडला.

"खूप दुखता गे," तो म्हणाला. "काल रातीपासून. भायर इलेला परत आत जायना."

रात्रभर दाबून ठेवून सकाळी तो मला उचलायला आला होता. मला राग आला आणि तितकीच माया आली. मी त्याला उचलू शकत नव्हते. जड उचलायला हात एकच, तोही अशक्त. मी भिंत धरून फाटकापर्यंत चालत गेले आणि रिक्षावाल्याला हाक मारली. त्याने आणि शेजाऱ्याने मिळून नवऱ्याला रिक्षात बसवलं. मी माझी चढले.

इस्पितळ तेच, दार दुसरं. त्याला उलट्या होत होत्या. डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. तो मान फिरवून मला शोधत होता. त्याला वाटत होतं, मला अजून कुणीतरी रिक्षातून काढायचं राहिलंय.

स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं. मी बाकावर बसले होते, उद्या माझं मशीन होतं आणि तो वाचेल की नाही हे देवाला ठाऊक. दार पुन्हा उघडलं. नर्स बाहेर आली. ती मला वर्षभरापासून ओळखत होती, डायलिसिसची पेशंट म्हणून. तिची नजर माझ्यावरून पुढे गेली, आणखी कुणी आहे का ते बघत.

"पेशंटसोबत कोण आहे?"

"मी," म्हटलं, आणि उठले.