बाहेरच्या दाराचा बिरोबा

राहीबाई मेटकरींना एका जागी बसवणं म्हणजे मेंढराला खुर्चीवर बसवणं. आटपाडीकडच्या माळावर बापाच्या कळपामागं वाढलेली ही बाई पुढं तालुक्याच्या दवाखान्यात मावशी म्हणून लागली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत डॉक्टरांनी तिला खरोखरच खुर्ची दिली. काम एकच, कोरोना वॉर्डातून बाहेर आलेला माणूस अंगावरचं पीपीई किट उतरवताना डोळ्यांत तेल घालून बघायचं.

किट चढवताना सगळे शहाणे असतात. एकमेकांची चेन ओढून देतात, मास्क नाकावर नीट बसला का ते बघतात. चुकलं तर आत जायच्या आधी सुधारता येतं. उतरवताना मात्र सहा तासांचा घाम अंगातून गळत असतो, जीव पाण्याला आणि लघवीला धावत असतो, आणि वॉर्डातली सगळी घाण त्याच कापडावर बसलेली असते. तिथं झालेली चूक माणूस अंगावर घेऊनच घरी जातो. हे राहीबाईला कुणी एकदाच सांगितलं होतं, तेवढं पुरलं.

मग तिची बडबड सुरू. वरचे हातमोजे आधी. सूट आतली बाजू बाहेर करत गुंडाळत खाली. आतले मोजे काढले की सॅनिटायझर. चष्मा मागच्या पट्ट्यानं, परत सॅनिटायझर. मग दाराबाहेर यायचं, मान वाकवायची, मास्कचा खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला बोट नाही. मास्क डब्यात पडला की तिची नजर पुढच्या माणसाकडं वळायची. नळ चार पावलांवरच होता.

तरीही माणसं आजारी पडत होती. कृष्णात नावाचा वॉर्डबॉय तर तिच्या सांगण्याबाहेर एक बोट हलवत नव्हता, आणि तोच ऑक्सिजनवर गेला. किटच हलकं आहे, असं सगळे म्हणू लागले. राहीबाईला चैन पडेना. कळपातलं एक मेंढरू लंगडतंय आणि कुठलं ते दिसत नाही, तशी ती खुर्चीतून उठबस करत राहिली.

त्यात रेश्मा सिस्टर. माहेर पाटणचं, आठ महिन्यांचं लेकरू आईकडं ठेवून आलेली. वॉर्डातल्या ड्यूटीचे सहा दिवस झाले होते, दुसऱ्या दिवशी ती घरी जाणार होती. लेकराला परत अंगावर पाजायचं, दूध आटायला नको, म्हणून रोज पिळून टाकत होती बिचारी. काही झालं तरी ही घाण त्या लेकरापर्यंत जाता कामा नये, एवढंच राहीबाईच्या डोक्यात होतं.

त्या दुपारी रेश्माच्या मागं कुणीच नव्हतं, म्हणून नजर वळवायला जागा नव्हती. मास्क डब्यात पडला. रेश्मा नळाकडं निघाली, आणि जाता जाता तिचा हात दाराशेजारच्या भिंतीवर गेला. तिथं धनगरांच्या देवाची, बिरोबाची, काचेची तसबीर होती. बोटं काचेला लागली, तिथून कपाळाला, आणि ओठांकडं वळली.

"सिस्टर, हात तितंच थांबवा," राहीबाई म्हणाली. "व्हटाला लावू नगा."

रेश्माचा हात ओठांजवळच थांबला. मास्कचे पट्टे धरलेला हात धुवायच्या आधी काचेवर, आणि त्या काचेवर वॉर्डातल्या झाडून सगळ्यांची बोटं. नंतर हात कितीही चोळून धुतले तरी ओठ कोण धुणार? कृष्णात तर तसबिरीला दोनदा हात लावायचा. सगळं बिनचूक करून.

तसबीर राहीबाईनंच लावली होती. सगळे सुखरूप बाहेर यावेत म्हणून, बाहेरच्याच दाराशी. देवाला हात लावणं ही चूक असू शकते, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

झाकता आलं असतं. तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, कृष्णातला तिथूनच लागलं असं कुणी ठामपणे सांगू शकणार नाही, पण हे बंद. रेश्माही सहा दिवस तेच करत आली होती, म्हणून तिची सुटी थांबली. सात दिवस वेगळ्या खोलीत, मग तपासणी. रेश्मानं राहीबाईकडं पाठ फिरवून खोलीचं दार लावून घेतलं. राहीबाईनं हातमोजे घालून तसबीर उतरवली, औषधाच्या पाण्यानं पुसली आणि किट चढवायच्या खोलीत हात पोचणार नाही इतक्या उंच लावली. ते सात दिवस तिला भाकर गोड लागली नाही.

सातव्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. रेश्मा पिशवी घेऊन आली, उंचावरच्या बिरोबाला लांबूनच हात जोडले.

"मावशी, देव काढताना तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"लय वाटलं," राहीबाई म्हणाली. "पर लेकराला काय झालं असतं तर त्याचा जाब देवाला कुणी इचारला नसता. तसबीर म्या लावलेली."

रेश्मानं तिचा हात धरला. मग दोघी नळाकडं गेल्या आणि पिशवी बाजूला ठेवून कोपरापर्यंत हात धुतले.