सहाव्या प्रश्नाची कापलेली ओळ

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. केम गावच्या शिवारात शेरडं राखणाऱ्या घरातली पोरगी सोलापुरात येऊन डेटाबेस शिकवते, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण शिकवणं म्हणजे काय असतं ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वर्गात जीव तोडून एक तास समजावून सांगायचं आणि शेवटी मागच्या बाकावरून विचारणा यायची, "मॅडम, प्रश्न-उत्तरं देणार का?"

आमच्याकडे तोंडी परीक्षा तयार प्रश्न-उत्तरांवर चालते. गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रत्येक विषयाचा एक गठ्ठा असतो. कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणाला माहीत नाही. मुलं तो क्रमांकासकट पाठ करतात. "कमिट म्हणजे काय?" विचारलं, तर क्षणभर डोळे मिटतात आणि पुटपुटतात, "तिसरा... न्हाय, चौथा." मग उत्तर येतं. गठ्ठ्यात चौथ्याचं उत्तर तिसऱ्याखाली छापलेलं असलं, तर तेही तसंच येतं.

त्या गठ्ठ्यातल्या चुका बघून मी एका वर्षी वैतागले आणि स्वतःच संच लिहिला. चौदा लहान प्रश्न, प्रत्येकाचं दोन-तीन ओळींत उत्तर. विषय एकच: ट्रान्झॅक्शनच्या अवस्था. ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या कामांची एक जुडी; झाली तर सगळी होतात, नाहीतर एकही होत नाही. काम चालू आहे तोवर अॅक्टिव्ह. शेवटचं विधान, म्हणजे डेटाबेसला दिलेला शेवटचा हुकूम, चालून झालं की पार्शली कमिटेड. बदल पक्के झाले की कमिटेड. पुढे जाणंच शक्य नाही असं काही झालं की फेल्ड. आणि केलेलं सगळं मागे घेऊन डेटाबेस आधी होता तसा झाला की अबॉर्टेड. हे मागे घेणं म्हणजे रोलबॅक. एवढंच आहे. यात पाठ करण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळत नाही.

त्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे येत होती. मुलगी म्हणायचं, पण तेविसाव्या वर्षात होती. तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातली. पदवी याच एका विषयाच्या तोंडी परीक्षेत अडकली होती; दोनदा नापास झाली होती. दिवसा ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पेट्यांवर स्टिकर लावायचे आणि संगणकात पेटीची नोंद करायची. कारखान्याच्या संगणक विभागात जागा निघाली होती आणि मालक म्हणाले होते, "पदवीचा कागद आण, खुर्ची तुझी." या वेळी नापास झाली असती तर ती खुर्ची दुसऱ्याला गेली असती. मुदत तेवढीच होती.

सुट्टीच्या दिवशी सायकल मारत ती कॉलेजात यायची. मी सांगितलेलं वहीत उतरवायची, मान हलवायची. मला बरं वाटायचं.

परीक्षेला चार दिवस राहिले तेव्हा मी तिला सहज विचारलं, "पार्शली कमिटेड सांग."

तिने डोळे मिटले.

"शेवटचं विधान चालून झालं की ट्रान्झॅक्शन पार्शली कमिटेड होते. बदल कायमचे होतात. आता रोलबॅक करता येत नाही."

"काय?"

तिने पुन्हा म्हटलं. शब्दाला शब्द.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की, मॅडम. तुमच्या संचात हाय."

माझ्या संचात! मी तिच्या हातून कागद ओढून घेतला. झेरॉक्सवाल्याने दोन पानं लहान करून एका कागदावर घेतली होती आणि खालची बाजू कापली गेली होती. पहिल्या पानाच्या शेवटच्या तीन ओळी गायब. सहाव्या उत्तराचा उरलेला भाग गेला: "पण बदल अजून पक्के नसतात, इथूनही ट्रान्झॅक्शन फेल होऊ शकते." त्याखालचा सातवा प्रश्न गेला: "कमिटेड म्हणजे काय?" आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर सातव्याचं उत्तर तेवढं शिल्लक होतं: "बदल कायमचे होतात. आता रोलबॅक करता येत नाही." दोन्ही जोडून एक अखंड, ठसठशीत चूक तयार झाली होती. माझ्या नावावर.

"सहानंतर एकदम आठ आलंय, ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं की. वाटलं, सातवा इम्पॉर्टंट न्हाय म्हणून तुमी काढला."

"सगळ्यांकडे हेच आहे?"

"व्हय. सगळ्यांनी पाठ केलंय."

मी तशीच उठून गेटासमोर गेले. झेरॉक्सवाले चाचा मशीनचं झाकण उघडून बसले होते.

"चाचा, हे काय केलंत? खालच्या ओळी कापल्या!"

त्यांनी चष्मा वर करून कागद पाहिला. "मॅडम, एक कागज में दो पान आते. बच्चों को सस्ता पडता."

"अहो, पण उत्तरच अर्धं झालं!"

"अर्धा तो अर्धा, पास तो हो जाते ना?" त्यांनी झाकण लावलं. "पंधरा साल से हो रहे."

पंधरा वर्षं होतायत, हेच तर खरं होतं.

परत आले तर ती तशीच बसली होती, कागद मांडीवर. मी म्हणाले, "तो कागद ठेव बाजूला. प्रयोगशाळेत चल."

संगणकापुढे बसवलं. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात एक बदल कर आणि रोलबॅक करून दाखव, म्हटलं. तिने बदल केला, रोलबॅक लिहिलं, तक्ता पाहिला. बदल तसाच.

"मॅडम, रोलबॅक चालत न्हाय."

दरवर्षी, प्रत्येक तुकडीत हे वाक्य मी ऐकते. "सुरुवातीला ट्रान्झॅक्शन सुरू केलीस का? नाही ना? मग प्रत्येक विधान चाललं की आपोआप कमिट झालं. कमिट झालेलं मागे घेता येत नाही, रोलबॅक काय करणार?"

तिने पुन्हा केलं, या वेळी स्टार्ट ट्रान्झॅक्शन लिहून. रोलबॅकनंतर जुना आकडा परत आला. ती हसली नाही. म्हणाली, "पण मॅडम, परीक्षेत मशीन कुठं असतं? तोंडानं सांगायचं असतं."

मी थकले होते. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरं, ते जाऊ दे. कारखान्यात काय करतेस ते सांग. पेटीची नोंद."

"पेटीत टॉवेल भरायचे. एकेक स्कॅन करायचा. मग 'पेटी बंद' दाबायचं. सुट्या मालातनं टॉवेल कमी होतात आणि पेटी वाढते."

"दाबलं आणि लाइट गेली तर?"

"बोंबलायचं," ती म्हणाली. पहिल्यांदा तिचा खरा आवाज आला. "लाइट आल्यावर बघितलं तर पेटी न्हाय. टॉवेल सुट्या मालात जसेच्या तसे. परत सगळं स्कॅन करा."

"असं कधी होतं का, की टॉवेल कमी झाले पण पेटी नाही?"

"कधीच न्हाय. झालं तर दोनी, न्हाय तर काहीच न्हाय."

ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "हेच हाय व्हय ते?"

"हेच आहे, बाई. गेली दोन वर्षं तू रोज हेच करतेस आणि माझ्यापुढे डोळे मिटून सहावा प्रश्न म्हणतेस!"

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले होते, दुसऱ्या गावच्या कॉलेजचे. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या. अंतर्गत परीक्षक म्हणून मी शेजारी बसले होते. तोंड उघडायची परवानगी नसते. तिच्या आधीच्या चौघांना त्यांनी पार्शली कमिटेड विचारलं आणि मी नोटीस बोर्डावर दुरुस्ती लावली होती तरी चौघांनीही तेच कापलेलं उत्तर एका सुरात दिलं. "बदल कायमचे होतात. आता रोलबॅक करता येत नाही." सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हेच शिकवता का तुम्ही?" आता काय सांगू, झेरॉक्सवाल्या चाचांनी ओळी कापल्या म्हणून?

मग ती आली. आल्या आल्या तोच प्रश्न.

तिने डोळे मिटले. मग तिने डोळे उघडले.

"सर, शेवटचं विधान झालं, पण अजून पक्कं न्हाय. इथनं फेल होऊ शकते. मग रोलबॅक करून आधी होतं तसं करायचं, ती अबॉर्टेड."

सर थोडे सावरून बसले. "आणि कमिट झाल्यावर चूक लक्षात आली तर?"

"रोलबॅक होत न्हाय. चूक दुरुस्त करणारी नवी ट्रान्झॅक्शन करायची."

"बरं, मला हे सांगा. तुम्ही कमिट पाठवलं. 'झालं' असा संदेश आला नाही आणि लाइट गेली. बदल राहिला की गेला?"

हा प्रश्न माझ्या संचात नव्हता. मी शिकवलाही नव्हता.

ती म्हणाली, "सांगता येत न्हाय, सर."

सरांनी पेन उचललं.

"म्हंजे," ती घाईने पुढे म्हणाली, "कमिटची नोंद डिस्कवर गेली असंल तर राहिला, गेली नसंल तर गेला. आपल्याला बाहेरून कळत न्हाय. म्हणून लाइट आली की आधी बघायचं, मग भरायचं. आमच्या कारखान्यात एकीनं न बघता पेटी परत भरली. पेटी झाली होती आधीच. दोन पेट्या दिसल्या, माल एकाच पेटीचा. गाडी दोन तास थांबली, सर. लई शिव्या खाल्ल्या."

सर मोठ्याने हसले. "कुठल्या कारखान्यात?"

"टॉवेलच्या."

"जा. पुढच्याला पाठवा."

ती पास झाली. आधीच्या चौघांतले दोघे नापास झाले, आणि त्यांचा राग अजून माझ्यावर आहे, चाचांवर नाही. कागद तर माझाच होता, त्यामुळे त्यांचंही चूक नाही.

पदवीचा कागद मिळाल्यावर ती मालकांकडे गेली आणि खुर्चीवर बसली. मला फोन करून म्हणाली, "मॅडम, हितं सगळे रोलबॅक चालत न्हाय म्हणतात."

मी संच पुन्हा लिहिला. पंधरावा प्रश्न वाढवला, सरांनी तिला विचारलेला, आणि उत्तर तिचंच. आणि आता प्रत्येक पान अर्ध्यावर संपवते. खालचं अर्धं पान मोकळं सोडते. एवढी जागा फुकट जाते म्हणून विभागप्रमुख सर कुरकुरतात. मागच्या आठवड्यात गेटासमोरून गेले तर चाचांनी हाक मारली. म्हणाले, "मॅडम, आपका पान आधा खाली रहता, तो मैंने चार पान एक में बिठा दिये."