माईकमधला भुंगा

प्रयोगशाळेतल्या मास्तरांची उभी हयात वायरी जोडण्यात गेली. भाषण म्हटलं की त्यांना कापरं भरे. गेल्या वर्षी नुसते आभार मानतानाही वाचा बसली होती. यंदा पाहुणे आजारी पडले आणि डिप्लोमाच्या कार्यशाळेचं पहिलं भाषण त्यांच्याच गळ्यात पडलं. विषय होता, सिग्नल फ्रिक्वेन्सीत का पाहायचा.

“अहो, देवाचं नाव घ्या आणि हातांना येतं तेच सांगा,” निघताना बायकोनं बजावलं.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि माईक घूंऽऽ करू लागला. मुलं खिदळली. “सर, भुंगा शिरलाय!” मागून कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी कागद खिशात घातला आणि माईकची वायर टेबलावरच्या सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राला जोडली. पडद्यावर वेळेनुसार हलणारी रेघ उमटली, नुसता गुंतवळ.

“ह्यात भुंगा कोणता आणि मी कोणता?”

दोन-तीन मुलांनी वेगवेगळी टोकं दाखवली. मग बटण दाबून त्यांनी तोच सिग्नल फ्रिक्वेन्सीत, म्हणजे सेकंदाला किती कंपनांचा आवाज किती जोरात आहे असा, दाखवला. ते बोलत तेव्हा बरेच उंचवटे नाचत. ते गप्प झाले तरी पन्नास हर्ट्‌झवर एक सुळका ताठ उभाच.

“हा विजेच्या लाईनीतून आलाय. पत्ता सापडला, आता उचलबांगडी!” त्यांनी फिल्टर पन्नासवर लावला. घूं थांबली.

“सर, आता तुम्हीच उरलात!”

मास्तर पोटभर हसले आणि पुढे अर्धा तास बोलत राहिले. हात कापत नाहीयेत, हे त्यांना कळलं ते थेट पाण्याचा पेला उचलताना.