अदलाबदल केली तर काय बिघडतं

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तीही गणितात. आपट्याहून रोज एसटीनं येऊन कॉलेज केलं, आणि शेवटचा निकाल लागला त्याच महिन्यात नवीन पनवेलच्या एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवायला लागले. हे मी बिनदिक्कत सांगते, कारण त्या क्लासमध्ये मी खेड्यातली म्हणून माझ्याशी सगळे आजूबाजूला बघूनच बोलायचे. क्लासचे मालक सर तर माझ्याशी बोलताना आधी माझ्या मागच्या दाराकडे नजर टाकायचे, कुणी ऐकतंय का म्हणून.

सरांची एक युक्ती होती आणि त्या युक्तीवरच क्लास चालायचा. परम्युटेशन की कॉम्बिनेशन हा गोंधळ पोरांना कायम पडतो. सरांनी तो दोन रंगांच्या पेनांत मिटवला होता. प्रश्नात ‘निवडा’ असेल तर शब्दाखाली लाल रेघ, आणि कॉम्बिनेशन. ‘मांडा’ असेल तर निळी रेघ, आणि परम्युटेशन. पालकांना पेनं फार आवडायची. मी आल्या आल्या एकदा म्हणाले, “सर, रेघेनं नाही कळत. दोघांची अदलाबदल करून बघायची. काही बदललं तर क्रम महत्त्वाचा, म्हणजे परम्युटेशन. काहीच बदललं नाही तर नुसती निवड.”

“मॅडम, हे तुम्ही एमएस्सीला शिकवा,” सर म्हणाले. “इथं बोर्ड आहे.”

मग मी वर्गात ते शिकवायचं सोडलं. पोरं रेघा मारत राहिली.

दिवाळीनंतर टॉप बॅचसाठी निवड परीक्षा झाली. त्या बॅचला सर स्वतः शिकवायचे, बाकीच्यांच्या वाट्याला आम्ही. पर्यवेक्षक मी एकटीच. खोलीत एकच पंखा धड फिरायचा, त्याच्या खाली शेवटच्या बाकाशी मी उभी राहिले. त्या बाकावर माझ्याच तुकडीतली, उरणकडची एक मुलगी बसली होती. वडील होडीवर, आई बाजारात मासळी विकायची. टॉप बॅच मिळाली नाही तर आई तिचा क्लास बंद करणार होती, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायची.

एक प्रश्न असा होता: दहा सभासदांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडायचे, किती प्रकारे? ‘निवडायचे’ पाहून अख्ख्या वर्गानं लाल रेघ मारली आणि उत्तर लिहिलं एकशेवीस. सरांनी प्रश्न एका जाड पुस्तकातून उचलला होता. पुस्तकातलं उत्तर होतं सातशेवीस, आणि तेच बरोबर. तीन माणसं निवडून भागत नाही, त्यांना तीन पदं वाटायची आहेत. प्रत्येक तिघांत पदं सहा प्रकारे वाटता येतात, म्हणून एकशेवीसला सहानं गुणायचं.

एकाच पेपरात सातशेवीस होतं. त्या मुलीच्या. आणि तिनंही आधी लाल रेघ मारून एकशेवीस लिहिलं होतं, मग खोडलं होतं.

सरांनी मला ऑफिसात बोलावलं. पेपर टेबलावर उघडा होता.

“मॅडम, फ्रँकली सांगा. तुम्ही हिच्या बाकाशीच का उभ्या होतात?”

“पंखा तिथंच आहे, सर.”

“पंखा.” त्यांनी पेनानं खोडलेल्या जागेवर टकटक केलं. “वर्गात सगळ्यांचं चुकलं. हिचंही चुकलं होतं. मग अचानक बरोबर आलं. तुम्ही दोघी एकाच भागातल्या.”

आपटा नदीकाठी आणि ती खाडीकडची, पण सरांना दोन्ही गावं सारखीच. मला राग आला. खरं सांगायचं तर राग आला तरी मनात एक शंका होतीच. मी काही सांगितलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. मग तिनं कुठून काढलं? गाइडमधून? आधी पेपर कुणी दाखवला? सर माझ्यावर संशय घेत होते आणि मी तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला फळ्यासमोर उभं केलं. मला म्हणाले, “तुम्ही बाहेर थांबा. खुणा नकोत.” मी जिन्यात थांबले. दार अर्धवट उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

“पेपरात सातशेवीस कसं लिहिलंस?”

“सर, आधी लाल रेघ मारली. मग वाटलं, अध्यक्षाला खजिनदार केला नि खजिनदाराला अध्यक्ष, तर तेच का? आमच्या मंडळात झालं होतं असं. वर्षभर एकमेकांच्या दारात पाय ठेवला नाय कुणी. मग ते एकच कसं मोजायचं?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

“मॅडमनी सांगितलं हे?”

“मॅडम तर रेघाच मारायला लावतात, सर.”

जिन्यात उभ्या उभ्या मला ते टोचलं, पण माझ्या बाजूनं त्याहून चांगली साक्ष कोण देणार होतं!

सर म्हणाले, “दहा जण. प्रत्येकानं प्रत्येकाशी हात मिळवला. किती वेळा?”

“नव्वद.” पटकन बोलली.  चुकलं, मी जिन्यात मनातल्या मनात म्हटलं. “नाय, नाय सर. मी तिचा हात धरला म्हणजे तिनं माझा धरलाच. अदलाबदल केली तरी तेच. पंचेचाळीस.”

 सरांनी आता मुद्दाम डाव टाकला: सात काठ्या एका रांगेत, त्यांवर तीन अगदी सारखे लाल आणि चार अगदी सारखे पांढरे झेंडे मांडायचे, प्रत्येक काठीवर एक. किती मांडण्या? ‘मांडायचे’ म्हटल्यावर पुढच्या बाकावरून निळ्या पेनांची टोपणं उघडल्याचे आवाज आले. एकजण ओरडला, “सात फॅक्टोरियल!”

“पाच हजार चाळीस,” दुसऱ्यानं गुणाकारही केला.

तिनं फळ्यावर खडूनं सात रेघा ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, “दोन लाल झेंडे अदलून लावले तर लांबून होडीवरून बघणाऱ्या माणसाला काय कळणार हाय? लाल कुठल्या तीन काठ्यांवर, एवढंच ठरवायचं. बाकीचे पांढरे आपोआप. सातातून तीन. पस्तीस.”

शब्द ‘मांडा’ आणि गणित निवडीचं. सरांची युक्ती दोन्ही बाजूंनी फुटली होती, तीही त्यांच्याच फळ्यावर. मला आत बोलावलं गेलं. सर खडूचे हात झटकत होते.

“घरी शिकवणी घेता का हिची?” हळू आवाजात विचारलं.

“सर, तिचं घर मी पाहिलेलंही नाही.”

त्यांनी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. पटलं असेल असं मला अजूनही वाटत नाही. पण चाळीसेक पोरं बघत होती आणि उत्तरं बरोबर होती. “बस,” ते तिला म्हणाले, “पुढच्या सोमवारपासून टॉप बॅचला.” आणि मला: “पेनं मात्र बंद करू नका, मॅडम. पालक विचारतात.”

पेनं मी बंद केली नाहीत. पण माझ्या तुकडीत त्या दिवसापासून रेघ मारायच्या आधी दोघांची अदलाबदल करून बघायची, असा नियम केला. सरांनी तो कधी मोडायला लावला नाही, विचारलंही नाही.

सोमवारी मी टॉप बॅचच्या वर्गावरून जाताना आत डोकावले. तिला तिसऱ्या बाकावर जागा मिळाली होती. शेजारच्या मुलानं तिला पाहताच आपली वही हातानं झाकली. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग आपलीही झाकली.